रिकामी बरणी आणि दुसरी बाटली: गमी खाल्लेल्या एका मुलाचं प्रकरण

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी एक आई कडेवर मुलगा आणि हातात प्लास्टिकची बरणी घेऊन आत आली. मागे आजी आणि बाबा. मुलगा दोन वर्षं दहा महिन्यांचा. काट्यावर वजन भरलं तेरा किलो. बरणीवर हसरं अस्वल आणि संत्र्याची फोड, आत तळाशी चार गमी, म्हणजे चघळायच्या मऊ गोड गोळ्या, एकमेकींना चिकटलेल्या. आईचं पहिलं वाक्य होतं, "डॉक्टर, यानं सगळी व्हिटॅमिनची चॉकलेटं खाल्ली."

त्या वाक्यातला 'चॉकलेटं' हा शब्द मी कागदावर तसाच लिहून घेतला, कारण पुढे तो कामी आला. घराची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आकडे आणि उपचारांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

मी तालुक्याच्या गावी लहान मुलांचा दवाखाना चालवतो. बारा खाटा, रक्तातले वायू तपासायचं एक छोटं मशीन, आणि मोठं काही लागलं तर जिल्ह्याचं ठिकाण सव्वा तासावर. गमी खाल्लेली मुलं आता महिन्या-दोन महिन्यांतून एखादं येतंच. बहुतेकांना हिशोब करून, थोडा वेळ थांबवून घरी पाठवता येतं. हे मूलही तसंच गेलं असतं, आणि ते तसं जाऊ दिलं असतं तर ती चूक ठरली असती.

आधी मोजणी

अशा वेळी 'सगळी खाल्ली' याला काही अर्थ नसतो. आकडा लागतो, आणि तोही जास्तीत जास्त किती गेलं असेल याचा. मूल रडत असताना, आजी स्वतःला दोष देत असताना हा हिशोब शांतपणे करावा लागतो.

बरणी साठ गमींची. घरातली ही दुसरी बरणी, पुण्याच्या काकांनी दिलेली, नऊ दिवसांपूर्वी उघडलेली. रोज एक या मुलाला आणि एक त्याच्या सहा वर्षांच्या बहिणीला, म्हणजे अठरा संपल्या. सकाळी बेचाळीस असायला हव्या होत्या. बरणीत चार होत्या. चोखून टाकलेल्या पाच चादरीला चिकटल्या होत्या, त्या आईनं पिशवीत घालून आणल्या होत्या. हे तिनं फार शहाणपणाचं काम केलं. बेचाळीसमधून नऊ गेल्या, म्हणजे जास्तीत जास्त तेहतीस पोटात.

आता लेबल. बहुतेक जण इथे अडखळतात, आणि पूर्वी मीही अडखळलो आहे. लेबलवरचे आकडे एका गमीचे नसतात, 'प्रति सर्व्हिंग'चे असतात, आणि या बरणीवर सर्व्हिंग म्हणजे दोन गमी असं बारीक अक्षरात छापलं होतं. जीवनसत्त्व अ ४०० मायक्रोग्राम, ड ४०० आययू, झिंक ४ मिलिग्राम, क ४० मिलिग्राम. लोह नाही. एका गमीत याच्या निम्मं. हे न पाहता तेहतीसनं गुणलं तर उत्तर दुप्पट येतं आणि घाबरायला होतं. उलट चूकही होते: काही बरण्यांवर सर्व्हिंग एकाच गमीचं असतं, आणि सवयीनं निम्मं केलं तर उत्तर अर्धंच येतं.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे जीवनसत्त्व अ कोणत्या रूपात आहे. गाजरातलं बीटा कॅरोटीन असेल तर फारशी चिंता नसते. शरीर त्यातून गरजेपुरतंच अ तयार करतं. फार झालं तर तळहात पिवळे दिसतील. पण घटकांच्या यादीत रेटिनिल अ‍ॅसिटेट किंवा रेटिनिल पाल्मिटेट लिहिलेलं असेल, तर ते तयार जीवनसत्त्व आहे आणि ते यकृतात साठतं. या बरणीवर रेटिनिल अ‍ॅसिटेट होतं.

म्हणून गुणाकार केला. तेहतीस गुणिले २०० म्हणजे ६,६०० मायक्रोग्राम. जुन्या एककात साधारण २२,००० आययू. ऐकायला मोठा आकडा, पण आपल्याकडे त्याला ताडून पाहायला एक उत्तम माप आहे. सरकारी कार्यक्रमात नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर एक लाख आययू अ देतात आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख. याच मुलाला चार महिन्यांपूर्वी अंगणवाडीत दोन लाखांचा डोस मिळाला होता, कार्डावर नोंद होती. गमीतून गेलेलं अ त्याच्या एक-नवमांश. लहान मुलात एकाच वेळी पोटात गेलेलं अ काही लाख आययूंच्या घरात गेलं की उलट्या, गुंगी, डोकेदुखी, तान्ह्या बाळाची टाळू फुगणं असं दिसायला लागतं. गमींनी तिथवर पोचता येतं, हेही खोटं नाही. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २००६ साली तीन मुलांची नोंद केली होती, खाऊच्या गोळ्यांसारखी दिसणारी चघळायची जीवनसत्त्वं खाऊन प्रत्येकाच्या पोटात दोन ते तीन लाख आययू अ गेल्याचा अंदाज होता. म्हणजे बरणी कुठली आणि गमी किती ताकदीची, यावर सगळं ठरतं. आमच्या बरणीनं तो पल्ला गाठला नव्हता.

ड चा हिशोब आणखी सोपा. तेहतीस गुणिले २०० म्हणजे ६,६०० आययू. मुडदुसाच्या मुलांना आम्ही स्वतः साठ हजारांची पुडी देतो. एका दिवसात सहा हजारांनी रक्तातलं कॅल्शियम चढत नाही.

उरलं झिंक आणि साखर. ६६ मिलिग्राम झिंक म्हणजे जुलाबात आम्ही रोज देतो त्या २० मिलिग्रामच्या गोळीच्या तिपटीहून जास्त. त्यानं मळमळ आणि एखाद-दुसरी उलटी होऊ शकते. तेहतीस गमींतली साखर साठ ग्रॅमच्या पुढे, म्हणजे चहाचे बारा-तेरा चमचे, त्यानं पोट बिघडेल. एवढंच.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मी आजींना पाणी दिलं आणि म्हटलं, "आजी, गमींनी याला काही होणार नाही." तेवढ्यात मुलानं तिसऱ्यांदा उलटी केली.

कॉलरवरचा डाग

पहिली उलटी घरी, तीन वीसला. दुसरी रिक्षात. तिसरी माझ्या टेबलाशी. झिंकनं एक उलटी झाली तर समजू शकतं. तासाभरात तीन, आणि तिसरीनंतरही ओकाऱ्या थांबेनात, हे त्या हिशोबात बसत नव्हतं.

उलटीकडे नीट पाहिलं. गमीचे तुकडे होते, लाल-पिवळे, अर्धवट विरघळलेले. पण पाणी तपकिरी होतं. बनियनच्या गळ्यापाशी एक डाग होता, तोही तपकिरी, कडेला गडद, लोखंडी बादली ओल्या फरशीवर ठेवून उचलली की उमटतो तसा. जीभ काळपट. गमी खाल्लेल्या मुलाची जीभ लाल किंवा नारिंगी व्हायला हवी.

मी विचारलं, "ताई, घरात अजून कुठलं औषध आहे? कोणाचंही."

"नाही डॉक्टर, यालाच नाही कुठलं औषध."

हे उत्तर मला नेहमी मिळतं, आणि ते खोटं नसतं. आई आजारी मुलाच्या औषधाचा विचार करते. धाकट्याचं, आजीचं, स्वतःचं औषध तिच्या मनात त्या क्षणी येतच नाही. म्हणून प्रश्न माणसामाणसानं विचारायचा. धाकट्याला काय चालू आहे? आजींना रक्तदाबाची, साखरेची गोळी आहे का? तुम्हाला दिवस आहेत का, किंवा बाळंतपणाच्या लोहाच्या गोळ्या उरल्यात का? कोणी परदेशातून काही आणलंय का? आणि शेवटी, "जिथे गमीची बरणी होती, त्या फळीवर अजून काय काय होतं?" हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत उपयोगी. माणसाला औषधांची यादी आठवत नाही, पण फळी डोळ्यांपुढे येते.

आई थांबली. म्हणाली, "बाळाचे ड चे ड्रॉप्स. आणि आशाताईंनी दिलेली ती बाटली, रक्तवाढीची."

घरात चौदा महिन्यांचं धाकटं बाळ होतं. ड च्या ड्रॉप्सची तीस मिलीची बाटली, एका मिलीला ४०० आययू. ती अख्खी प्यायला असता तरी बारा हजार आययू झाले असते, त्यानंही बिघडत नाही. पण रक्तवाढीची बाटली म्हणजे लोह आणि फॉलिक आम्लाचं सिरप. 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिली देतात, एका मिलीत २० मिलिग्राम लोह. पन्नास मिलीची बाटली, वर एका वेळी एक मिलीच सुटेल असं झाकण. अख्ख्या बाटलीत हजार मिलिग्राम लोह असतं. योग्य मापात ते बाळाच्या फार भल्याचं आहे, आणि हे वाचून कोणी ते बंद करू नये. पण तेरा किलोच्या मुलाच्या हाती ती उघडी लागली, तर त्या फळीवरची ती एकमेव जीवघेणी गोष्ट होती. तिच्यावर अस्वल नव्हतं, म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

बाबा मोटारसायकलवर घरी गेले. वीस मिनिटांत फोन आला. बाटली धान्याच्या कोठीमागे आडवी पडलेली, झाकण नाही, फरशीवर चिकट डाग. मापाचं झाकण अडकायला लागलं होतं म्हणून आईनं ते काढून ठेवलं होतं आणि ती सिरिंजनं औषध घ्यायची. वरून नुसतं साधं झाकण लावलेलं असायचं.

बाटली आली तशी आतलं औषध मी सिरिंजनं ओढून मोजलं. पंधरा मिली. पाच आठवड्यांपूर्वी सुरू केलेली, आठवड्याला दोन मिली म्हणजे दहा मिली संपलं असतं. पण आई म्हणाली एक-दोनदा चुकलं. म्हणून संपलेलं आठच धरलं, म्हणजे सकाळी बाटलीत बेचाळीस होतं. बेचाळीसमधून पंधरा गेले, सत्तावीस उरले. फरशीवर आणि बनियनवर किती सांडलं ते मोजता येत नाही, आणि मोजता येत नाही ते पोटात गेलं असंच धरायचं. सत्तावीस गुणिले वीस म्हणजे ५४० मिलिग्राम. भागिले तेरा. किलोला साधारण ४१ मिलिग्राम.

लोहाचं गणित वजनावर चालतं. किलोला वीस मिलिग्रामच्या आत बहुधा फार तर पोट बिघडतं. वीस ते साठच्या मध्ये उलट्या, जुलाब, कधी त्यापुढेही. साठच्या वर जिवावर बेतू शकतं. किलोला चाळीस किंवा जास्त गेल्याची शंका असली, किंवा आकडा काहीही असो पण उलट्या थांबत नसल्या, तर मुलाला दवाखान्यात ठेवायचं. आमच्याकडे दोन्ही गोष्टी होत्या.

आई-बाबांना आकड्यातून अंदाज येईना, म्हणून दुसऱ्या भाषेत सांगितलं. गरोदरपणात मिळते त्या लाल गोळीत ६० मिलिग्राम लोह असतं. मुलानं तशा नऊ गोळ्या खाल्ल्यासारखं आहे. आई लगेच खाली बसली. तिनं त्या गोळ्या स्वतः महिनोन्‌महिने खाल्ल्या होत्या, एकेका गोळीनं तिला मळमळायचं.

घरी काय झालं होतं

सलाईन लावेपर्यंत आजींकडून दुपार समजून घेतली. जेवणानंतर आई धाकट्याला घेऊन आत झोपली. आजी बाहेरच्या खोलीत पडल्या, सव्वादोनच्या सुमारास त्यांना डुलकी लागली. फळी स्वयंपाकघरात ओट्याच्या वर, मोठ्या माणसाच्या खांद्याइतकी. खाली पिठाचा डबा होता. तीनला आजींना जाग आली तेव्हा मुलगा चादरीवर बसून एकेक गमी चोखून बाजूला ठेवत होता. त्यांनी त्याला मिठाचं पाणी पाजायला घेतलं होतं, उलटी व्हावी म्हणून. दोन घोटांनंतर आईनं थांबवलं.

तिनं थांबवलं हे फार बरं झालं. मिठाचं पाणी हा आपल्या घराघरांतला जुना उपाय, पण लहान मुलात दोन-तीन चमचे मीठ रक्तातलं सोडियम इतकं चढवू शकतं की झटके येतात. बोट घालून उलटी काढणंही नको. घरी करण्यासारखं एवढंच: तोंडातलं उरलेलं काढायचं, बरणी, बाटली आणि सांडलेलं सगळं बरोबर घ्यायचं आणि निघायचं. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास फोन घेतं, १८०० ११६ ११७. घरच्यांनीही करावा असा तो नंबर आहे. मीही त्या दिवशी केला, माझा हिशोब दुसऱ्या कोणाच्या कानावर घालायला.

आईला मी विचारलं, रोज गमी कशी देता? ती म्हणाली, "सुरुवातीला घेत नव्हता. मग मी म्हणायचे, चॉकलेट घे, शहाण्यासारखं. आणि बाळाला औषध देताना हा रडायचा, मला पण, मला पण. म्हणून त्याला ड्रॉपरनं ड चे दोन थेंब जिभेवर द्यायचे. गोड लागतं ना."

मला सगळ्या दुपारीत हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. पावणेतीन वर्षांच्या मुलाला लेबल वाचता येत नाही. त्याला एवढं ठाऊक होतं की त्या फळीवर चॉकलेटं असतात, आणि त्या फळीवरच्या बाटल्यांतलं पाणी गोड असतं. बाळाला मिळतं, मला थोडंच मिळतं. गमीनं त्याला विष दिलं नाही. त्या फळीवरचं सगळं खाऊ असतं, हे शिकवलं. लोहाच्या सिरपला चव आणि गोडी दिलेली असते ती बाळानं थुंकू नये म्हणून. पहिल्या दोन घोटांना त्याला ते गोडच लागलं असणार.

गमीत लोह सहसा नसतं. लोहाची चव लपवणं अवघड, आणि ते बाकीची जीवनसत्त्वंही बिघडवतं. म्हणून गमीचा डबा तुलनेनं सौम्य निघतो, आणि पालक आणि डॉक्टर दोघांचाही जीव भांड्यात पडतो. धोका तिथेच आहे, कारण जीव भांड्यात पडला की पुढचा प्रश्न विचारायचा राहतो.

आणि प्रत्येक गमी जीवनसत्त्वाचीच असते असंही नाही. 'परदेशातून काही आणलंय का' हे मी मेलाटोनिनसाठी विचारतो. झोपेच्या गमी हुबेहूब अशाच दिसतात, आणि अमेरिकेतल्या मुला-नातवंडांकडून येणाऱ्या बॅगांतून त्या आपल्या घरांत पोचतात. अमेरिकेत मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याचे विष केंद्रांना आलेले फोन २०१२ साली आठ हजारांच्या घरात होते, ते २०२१ साली बावन्न हजारांवर गेले. बहुतेक मुलांना काही झालं नाही, पण त्या दहा वर्षांत पाच मुलांना व्हेंटिलेटर लागला आणि दोन दगावली. तिथेच २०२३ साली पंचवीस प्रकारच्या गमी तपासल्या, तेव्हा एकात तर लेबलवरच्या तिपटीहून जास्त मेलाटोनिन निघालं. म्हणून गुंगी आलेलं गमीचं मूल दिसलं, तर मी जीवनसत्त्वाच्या हिशोबात वेळ घालवत नाही, आधी श्वास पाहतो.

त्या रात्री

पावणेपाचला नाडी मिनिटाला १५०, हातपाय जरा गार, पण शुद्ध चांगली. एका तासात २६० मिली सलाईन गेलं, नाडी १२४ वर आली. पोट धुतलं नाही. द्रव औषध, दोन तास उलटलेले आणि मूल स्वतःच उलट्या करतंय, अशा वेळी नळी घालून काही मिळत नाही. कोळशाची पूडही दिली नाही, लोह तिला चिकटत नाही. विषबाधा म्हटलं की कोळसा, अशी सवय हाताला असते, इथे ती आवरावी लागते. एक्स-रेही काढला नाही. अख्ख्या लोहाच्या गोळ्या पोटात पांढऱ्या दिसतात, सिरप आणि गमी दिसत नाहीत, त्यामुळे स्वच्छ एक्स-रेनं खोटा दिलासा मिळाला असता.

साडेसहाला, म्हणजे खाऊन चारेक तास झाल्यावर, रक्तातलं लोह तपासायला नमुना जिल्ह्याला पाठवला. वेळ महत्त्वाची असते. लोह रक्तातून पेशींत उतरलं की आकडा खाली येतो, पण विषबाधा तशीच असते, म्हणून उशिरा घेतलेल्या नमुन्याचा चांगला आकडा फसवतो. रिपोर्ट येईपर्यंत माझ्या मशीनवर रक्ताचा आंबटपणा आवरणारं बायकार्बोनेट पाहिलं, १८. थोडं कमी, उलट्यांनी आणि कोरडेपणानं होईल इतकंच. लोहाचं विष पेशींत शिरू लागलं की रक्त आंबट होत जातं, म्हणून हा आकडा दर दोन-तीन तासांनी पाहायचा होता.

उताऱ्याचं औषध डिफेरॉक्सामिन माझ्याकडे नव्हतं. जिल्हा रुग्णालयात असतं, कारण थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त दिल्यानं साठलेलं लोह काढायला ते लागतं. तिथल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं, १०८ ला सांगून ठेवलं. ठरलं असं की रक्तातलं लोह ५०० मायक्रोग्रामच्या वर आलं, किंवा बायकार्बोनेट घसरत गेलं, किंवा मूल मलूल झालं, यातलं काहीही एक झालं की निघायचं.

आठच्या सुमाराला उलट्या थांबल्या. नऊला मुलगा उठून बसला, बाबांचा मोबाईल मागायला लागला. सगळ्यांचे चेहरे सैलावले. बाबा म्हणाले, "डॉक्टर, आता खेळतोय. रात्री घरीच नेऊ का?"

मी नाही म्हटलं, आणि का ते नीट समजावलं. लोहाच्या विषबाधेत पहिले सहा तास उलट्या-जुलाबांचे असतात. मग मूल सुधारतं. सहा ते चोवीस तासांच्या मधली ही शांतता खरी सुधारणा असू शकते, किंवा पोटातलं लोह यकृतात, हृदयात शिरतंय तो काळ असू शकतो. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. रक्त आंबट होतंय का, नाडी पुन्हा चढतेय का, यावरूनच फरक कळतो. घरी गेलेलं मूल पहाटे शॉकमध्ये परत येतं ते याच काळात. ज्याला पहिल्या सहा तासांत काहीच झालं नाही त्याला सोडता येतं. ज्यानं पाच उलट्या केल्या त्याला नाही.

पावणेदहाला रिपोर्ट आला. लोह ३४२ मायक्रोग्राम. एरवी या वयात ते ५० ते १२० च्या आसपास असतं. म्हणजे बरंच लोह शरीरात गेलं होतं, पण ५०० च्या खूप खाली. रात्री अकराला बायकार्बोनेट २०, पहाटे तीनला २२. चढतं होतं. डिफेरॉक्सामिनची गरज लागली नाही.

सकाळी काळी शी झाली आणि आजी धावत आल्या, रक्त पडतंय म्हणून. लोहानं शी काळी होतेच. रक्तानं काळी झालेली शी डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची असते, ही तशी नव्हती. तरी हिमोग्लोबिन पुन्हा पाहिलं, तेवढंच होतं. यकृताच्या तपासण्या चोवीस आणि अठ्ठेचाळीस तासांनी केल्या, दोन्ही नॉर्मल. मंगळवारी संध्याकाळी घरी सोडलं.

बहिणीचा हिशोब

सोमवारी शाळा सुटल्यावर बहीण दवाखान्यात आली. भावाच्या खाटेशी बसून तिनं मला हळूच सांगितलं की त्यानं सगळ्या नाही खाल्ल्या, तीच रोज दोन जास्तीच्या खायची. शाळेतून आली की एक, गृहपाठ झाला की एक. नऊ दिवस, म्हणजे अठरा गमी तिच्या. भावाच्या पोटात तेहतीस नाही, पंधरा गेल्या होत्या. माझा सबंध पहिला हिशोब दुपटीहून जास्त चुकला होता. जास्तीत जास्त धरायचं ते यासाठीच.

पण तिच्या कबुलीनं मला तिचाच हिशोब करावासा वाटला. रोज तीन गमी म्हणजे अ चे ६०० मायक्रोग्राम. शिवाय दुधात घालायची पावडर, दिवसाला दोन कप, डब्यावर कपाला २०० लिहिलेलं. मिळून हजार. चार ते आठ वर्षांच्या मुलाला तयार अ ची रोजची वरची मर्यादा ९०० मायक्रोग्राम धरतात, एक ते तीनसाठी ६००. एका दिवसानं काही होत नाही. पण हे महिनोन्‌महिने चाललं आणि हळूहळू वाढलं, तर ओठ फुटणं, केस गळणं, हाडं दुखणं, कारण नसताना डोकेदुखी आणि चिडचिड असं दिसू शकतं, आणि कोणाला जीवनसत्त्वाचा संशयही येत नाही. कारण कोणी बरणी रिकामी केलेली नसते, प्रत्येक जण थोडं थोडंच देत असतो. तिला यातलं काही नव्हतं. ओठ पाहिले, नडग्या दाबून पाहिल्या. गमी बंद केल्या, दूध चालू ठेवलं.

आईनं विचारलं, गमी बंद केल्या तर जीवनसत्त्वं कमी नाही पडणार? दोन्ही मुलं वरण-भात, भाजी, अंडं, दूध खात होती. अ चा सहामाही डोस चालू होता. धाकट्याला लोह आणि ड हवंच होतं आणि ते चालू राहिलं. मोठ्या दोघांना त्या बरणीतून मिळत होतं त्यातलं त्यांना नवं हवं असं काही नव्हतं. मी तसं तिला सरळ सांगितलं.

सहाव्या आठवड्यात

परत बोलवायचं एक खास कारण होतं. लोहानं जठराच्या आतल्या अस्तराला जखम झाली असेल, तर ती भरताना जठराचं खालचं तोंड आक्रसू शकतं. दोन ते आठ आठवड्यांत मूल जेवणानंतर उलट्या करायला लागतं, तोवर घरचे ती दुपार विसरलेले असतात. या मुलाची भूक चांगली होती, उलटी एकही नाही, वजन साडेतेरा. आठवा आठवडा उलटेपर्यंत जेवणानंतर उलटी झाली तर लगेच आणा, हे पुन्हा सांगितलं.

लोहाची बाटली आता आईच्या लोखंडी कपाटात होती, कुलूपबंद, किल्ली तिच्या मंगळसूत्राच्या सेफ्टी पिनला. आशाताईंनी नवीन मापाचं झाकण आणून दिलं होतं. धाकट्याला औषध आता मोठा शाळेत गेल्यावर देतात, त्याच्यासमोर नाही, आणि ड चे दोन थेंब बंद.

तपासून झाल्यावर मुलानं माझ्या टेबलावरच्या गुलाबी सिरपच्या नमुन्याकडे बोट केलं आणि आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "औषध आहे ते." त्यानं तो शब्द एकदा म्हणून पाहिला आणि हात खाली घेतला. मी बाटली उचलून खणात ठेवली. ती तिथे उघड्यावर असायला नकोच होती.